आकार चेहऱ्याचा, वजन कानाचे

आमच्या सासूबाईंचा गेल्या पंचवीस वर्षांत काढलेला एकही फोटो असा नाही, ज्यात त्यांचे कान दिसतात. कुणी कॅमेरा काढला, की त्यांचा हात आपोआप डोक्याकडे जातो आणि पदर कानावरून पुढे येतो. नवीन सून म्हणून या घरात आले, तेव्हा मला वाटायचे, किती ही मर्यादा! पुढे एकदा न्हायला पाणी द्यायला गेले, तेव्हा कळले. दोन्ही कानांच्या पाळ्या खालपर्यंत चिरलेल्या. एका बाजूला तर पाळीचे चक्क दोन तुकडे लोंबत होते. मी पाहिले हे त्यांच्या लक्षात आले. म्हणाल्या, "झुब्यांनी खाल्ले गं माय कान माझे."

ते झुबे अजून घरात आहेत. सासूबाईंच्या माहेरचे, जुन्या घडणीचे. वर कर्णफूल, खाली घुमट आणि घुमटाच्या कडेला बारीक मण्यांची झालर. सासूबाईंनी ते रात्रंदिवस घातले. काढले तर शेजारीण विचारायची, "लंकेची पार्वती का झालीस?" म्हणून झोपतानाही कानात. एक कान हळूहळू ओघळला. दुसरा मात्र माझ्या धाकट्या दिराने, तेव्हा तो कडेवर होता, एका हिसक्यात फाडला.

ही सगळी कहाणी आठवायचे कारण म्हणजे आमच्या पुतणीचे लग्न. गेल्या दिवाळीत सगळे जमले असताना ती म्हणाली, "काकू, मी लग्नात आजीचेच झुबे घालणार." सासूबाईंचा चेहरा आनंदाने फुलला आणि लगेच पडलाही. हात पदराकडे गेला. मी मनाशी म्हटले, झुबे घालायचे तर घालू, पण ह्या खेपेला आधी कान पाहू.

मैत्रिणींनो, दागिना निवडताना आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. चेहऱ्याला शोभते ते आकारामुळे. कानाला सोसते ते वजनावर. चेहऱ्याला वजनाशी काहीएक देणेघेणे नाही. तो फक्त लांबी, रुंदी आणि दागिना कुठे संपतो एवढेच बघतो. हे दोन हिशेब वेगळे केले, की हौसही भागते आणि कानही वाचतो.

आरशावरचा चेहरा

पुतणीला मी आरशासमोर उभे केले. केस मागे घट्ट बांधले, एक डोळा मिटायला लावला आणि साबणाच्या वडीच्या कोपऱ्याने आरशात दिसणाऱ्या चेहऱ्याची कड तिलाच गिरवायला सांगितली. मान हलवायची नाही एवढीच अट. बाजूला होऊन पाहिले, तर आरशावर छोटासा चेहरा उमटला होता. तो खऱ्या चेहऱ्याच्या निम्म्या मापाचा येतो, त्यामुळे दचकू नका. आकार मात्र खरा असतो. आपल्या डोळ्यांना आपलाच चेहरा कधी नीट कळत नाही, ही साबणाची रेघ खोटे बोलत नाही.

पुतणीचा चेहरा निघाला गोल. लांबी-रुंदी जवळजवळ सारखी, गाल सर्वांत रुंद, हनुवटी मऊ. तिच्या आईचा काढला तर चौकोनी, म्हणजे कपाळ आणि जबडा सारख्याच रुंदीचे आणि कानाखाली जबड्याचा कोपरा स्पष्ट. माझा लांबट. धाकट्या जावेचा कपाळाकडे रुंद आणि हनुवटीकडे निमुळता, विड्याच्या पानासारखा. एका घरात चार चेहरे, आणि दिवाळीला आम्ही चौघींनी एकाच दुकानातून एकसारख्या रिंगा आणल्या होत्या!

आता मुख्य गोष्ट. कानातला दागिना जिथे सर्वांत रुंद असतो आणि जिथे संपतो, तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. नजर जिथे थांबते, तो भाग उठून दिसतो. एवढे लक्षात ठेवले, तर कोणता चेहरा, कोणता दागिना हे पाठ करायची गरज नाही.

पुतणीचे उदाहरण घ्या. आजीचे झुबे कानात धरून पाहिले. घुमटाची सर्वांत रुंद कड बरोबर गालाच्या सर्वांत रुंद भागाशेजारी आली. गालाशेजारी आणखी दोन गाल! ती स्वतःच हसली. म्हणाली, "काकू, मी पुरणपोळी दिसायलेय." गोल चेहऱ्याला थाळीसारखे टॉप्स आणि मोठ्या गोल रिंगा याच कारणाने नकोत. तिला हवी उभी, बारीक रेघ. लांबट डूल, थेंबासारखा लोलक, एकाखाली एक मणी ओवलेली सर. ही रेघ जबड्याच्या थोडी खाली संपली, तर नजर खाली उतरते आणि चेहरा जरा लांब वाटतो. पण तिची मान आखूड. म्हणून रेघ फार खाली नेली, तर डूल खांद्यावर टेकतील आणि मान आणखी बुटकी दिसेल. टोक आणि खांदा यांच्यात निदान दोन बोटांचे अंतर राहील, इतकीच लांबी ठेवायची.

चौकोनी चेहऱ्याच्या जावेसाठी उलट विचार. तिच्या जबड्याला कोपरे आहेत, म्हणून दागिन्याला कोपरे नकोत. लांबट गोल रिंगा, कोयरी, थेंबाचे आकार चांगले. आणि दागिना जबड्याच्या कोपऱ्यावरच संपायला नको. त्याच्या बोटभर वर किंवा बोटभर खाली संपावा. विड्याच्या पानासारख्या चेहऱ्याला हनुवटीकडे रुंदी कमी असते, ती दागिन्याने भरून द्यायची. वर बारीक आणि खाली पसरट, म्हणजे झुबे आणि चांदबाली यांचे हे हक्काचे घर. खरे तर आजीचे झुबे आमच्या धाकट्या जावेला जन्मजात शोभणारे!

आणि लांबट चेहऱ्याच्या माझ्यासारखीने उभी रेघ टाळायची. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी हातभर लोलक घालून बसले आहे. सगळे म्हणायचे, छान दिसतेस. फोटो आल्यावर पाहिले, तर साक्षात दुधी भोपळा. लांबट चेहऱ्याला कानाशीच बसणारे, आडवे भरणारे दागिने चांगले. आपल्या मोत्याच्या कुड्या, कर्णफुले, आखूड आणि रुंद झुबे. अंडाकृती चेहऱ्याच्या भाग्यवान बायकांना बहुतेक सगळेच शोभते, त्यांनी फक्त मानेची लांबी बघावी.

केशरचनाही विसरू नका. अंबाडा घातला, की कान आणि मान दोन्ही उघडे पडतात, दागिना पुरता दिसतो. केस मोकळे सोडले, तर छोट्या कुड्या केसांत हरवतात. म्हणून ज्या केशरचनेत घालायचे, तीच करून आरशात बघायचे.

पाळी का ओघळते

आता कानाचा हिशेब. कानाचा वरचा भाग चाचपून पाहा, आत कुर्चा लागते, कडक पण लवचीक. खालची पाळी चाचपा. तिथे कुर्चा नाही. फक्त कातडी आणि थोडी चरबी. म्हणून तर ती टोचायला सोपी आणि म्हणूनच फाटायलाही सोपी. वय वाढते तशी चरबी झिजते, कातडीचा ताण कमी होतो. विशीत जो झुबा पाळी सहज पेलायची, तोच चाळिशीनंतर तिला खाली ओढतो.

दागिन्याचे सगळे वजन छिद्राच्या खालच्या कडेवर टेकते. साबणाच्या वडीवरून दोरा दाबत नेला, तर ती कापली जाते. तेवढ्याच जोराने बोट दाबले, तर फक्त खळगा पडतो. कानाचेही तेच. बारीक तारेच्या आकड्यात अडकवलेला जड डूल दोऱ्यासारखा कापत जातो. तेच वजन जाडसर दांडीवर असेल आणि मागे मोठी, चपटी फिरकी पाळीला टेकलेली असेल, तर भार जास्त जागेवर पसरतो. म्हणून जड दागिना आकड्याचा कधीच घेऊ नका. दांडी-फिरकीचाच घ्या.

छिद्राची जागाही महत्त्वाची. पाळीच्या मधोमध टोचलेला कान बराच सोसतो. पण पाळीच्या कडेजवळ टोचला असेल, तर खाली उरलेले मांस जेमतेम असते. लहान बाळाचा कान घाईत टोचताना ते हलले, की छिद्र खाली जाते आणि त्याची किंमत ती मुलगी तिशीत मोजते. तुमचे छिद्र असे खाली असेल, तर तुम्हाला जड दागिना नाहीच. त्याला इलाज नाही.

वजन किती असावे, असा सरळ आकडा सांगता येत नाही, कारण प्रत्येकीची पाळी वेगळी. पण वजन माहीत तरी हवे. आम्ही झुबे सराफाकडे नेऊन काट्यावर ठेवले. जोडीचे २४ ग्रॅम भरले, म्हणजे एका कानाला १२ ग्रॅम. तुमच्याकडे २०११च्या मालिकेतली पाच रुपयांची सोनेरी नाणी असतील. एक नाणे ६ ग्रॅमचे. अशी दोन नाणी एका कानाला रात्रंदिवस लटकवली, अशी कल्पना करा. सासूबाईंनी तीस वर्षे तेच केले.

कान नाही म्हणतोय, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. दागिना घालून दहा मिनिटे घरात वावरा आणि मग आरशात बघा. पहिली खूण, कर्णफुलाचे तोंड समोर न राहता खाली जमिनीकडे कलते आणि वरून दांडी दिसू लागते. दुसरी खूण, दागिना काढल्यावर छिद्र गोल टिंबासारखे न दिसता उभ्या चिरेसारखे दिसते. रात्रभर मोकळे ठेवूनही सकाळी चीर तशीच असेल, तर पाळी ओघळायला लागली आहे. तिसरी खूण, छिद्राखाली पाळीवर एक उभी सुरकुती किंवा खाच पडते. तिथे मांस पातळ झालेले असते. ही खाच दिसली, की जड दागिना त्या दिवसापासून बंद. ज्वारीच्या दाण्याएवढ्या फुल्या घाला, पण त्यात भार टाकू नका.

आणखी एक शत्रू म्हणजे खाज. बाजारातल्या स्वस्त कानातल्यांत निकेल नावाचा धातू असतो. काहींच्या कातडीला तो चालत नाही. कान खाजतो, पाणी सुटते, खपली धरते. ओली, सुजलेली पाळी नेहमीपेक्षा फार लवकर फाटते. त्यावर तेल-हळद लावून तेच कानातले पुन्हा घालणे म्हणजे जखमेला रोज उकरणे. ज्यांना असा त्रास होतो, त्यांनी दागिना कितीही नक्षीचा असो, निदान दांडी तरी सोन्याची करून घ्यावी.

वेल कशासाठी?

आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत नव्हते असे नाही. कानातून निघून केसांत जाऊन अडकणारा वेल आपण आज शोभेची साखळी समजतो. पण वेलाचे खरे काम भार वाहण्याचे. कर्णफुलाचे वजन तो वर ओढून धरतो आणि पाळीचा बोजा केसांवर टाकतो. आमच्या धर्माबादला तेलंगण उंबरठ्यावर. शेजारच्या तेलुगू अक्का त्याच साखळीला 'माटीलु' म्हणतात आणि बुट्टा म्हणजे झुबे घातले, की ती लावल्याशिवाय मांडवात जात नाहीत. नाव बदलले, काम तेच.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात, तिथे बसलेल्या बुद्धाची मूर्ती नीट पाहा. कानात काही नाही, पण पाळ्या लांब ओघळलेल्या. राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांची ती खूण, असे सांगितले जाते. राज्य सोडता येते, दागिने सोडता येतात. ओघळलेली पाळी मात्र तशीच राहते, हे त्या मूर्तीपुढे उभे राहिल्यावर मला आमच्या सासूबाईंमुळे कळले.

आता आम्ही पुतणीसाठी काय केले, ते क्रमाने सांगते. सराफाने झुबे बघून एक गोष्ट दाखवली, जी सासूबाईंनाही माहीत नव्हती. कर्णफूल आणि घुमट एका कडीने जोडलेले होते आणि ती कडी उघडता येत होती. वेगवेगळे करून तोलले, तर कर्णफूल ४ ग्रॅमचे आणि घुमट ८ ग्रॅमचा. म्हणजे भाराचा दोन तृतीयांश वाटा खालच्या घुमटाचा. सासूबाई बराच वेळ त्या सुट्या कर्णफुलाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढंच घातलं असतं तर?" यावर काय बोलणार?

मग ठरले. झुबे वितळवायचे नाहीत. हळदीला आणि सीमांतपूजनाला नुसते कर्णफूल. अक्षता पडताना दोन-अडीच तास घुमट जोडायचा, वेलासकट. स्वागत समारंभाला, जिथे तासन्‌तास उभे राहून फोटो काढायचे असतात, तिथे तिच्या गोल चेहऱ्याला साजेसे लांब, निमुळते डूल. चांदीवर सोन्याचे पाणी दिलेले, आतून पोकळ, जाळीकामाचे. ते एका कानाला ५ ग्रॅम भरले. लांबी झुब्यापेक्षा जास्त, वजन निम्म्याहून कमी! सोनाराला नुसते "हलके द्या" म्हणू नका. घुमट पोकळ आहे का, आत लाख भरली आहे का, जाळी आहे की ठोस पत्रा, हे विचारा. लाख, खडे आणि मोती मिळून बरेच वजन वाढवतात. आणि दोन्ही कानातली वेगवेगळी तोलून घ्या. जोडीतही कमी-जास्त असू शकते.

वेल लावताना बहुतेकजणी दोन चुका करतात. एक म्हणजे वेल सैल ठेवतात. गालावर कमानीसारखा छान झोका दिसतो, पण असा वेल भार घेतच नाही, उलट स्वतःचे वजन कानावर टाकतो. वेल ताठ हवा. लावल्यावर झुब्याखाली बोट ठेवून तो अलगद उचलून पाहा. उचलल्यावर पाळीला एकदम मोकळे वाटले, तर भार अजून पाळीवरच आहे, वेल आणखी वर अडकवा. काहीच फरक वाटला नाही, तर वेलाने काम सुरू केले. दुसरी चूक, तो मोकळ्या केसांत खोचतात. तासाभरात केस ओघळतात आणि वेलही. कानाच्या वर केसांची बारीक बट घट्ट वळून घ्यावी, तिला दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावाव्यात आणि त्या फुलीत वेलाचा आकडा अडकवावा.

शिवाय पाळीच्या मागच्या बाजूला, औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावली. जखमेवर कापूस बसवायला वापरतात ती. बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा, पाळी पुसून कोरडी करायची, थोडी वर उचलून मागून पट्टी चिकटवायची आणि दांडी त्या पट्टीतून आरपार घालायची. मग दांडी कातडीसोबत पट्टीवरही टेकते. समोरून काही दिसत नाही. समारंभ संपला, की कोमट पाण्याने भिजवून काढायची. रोज लावून ठेवली, तर कातडी ओलसर राहून खराब होते, म्हणून हा उपाय त्या दिवसापुरता.

काही गोष्टी फुकट आहेत. झोपताना जड कानातले काढायचे. साडी-पोलके बदलण्याआधी आणि डोके पुसण्याआधी काढायचे, कारण पंच्याच्या धाग्यात आकडा अडकला, की हिसका बसलाच. कडेवर मूल असलेल्या बाईने लोंबते काही घालूच नये. हे मी नाही, आमच्या दिरांचे बाळपण सांगते!

फाटलेला कान शिवता येतो

आता सासूबाईंकडे वळते. आमच्या बचत गटात मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जाणाऱ्या काही बायका आहेत. त्यातल्या तिघींचे कान फाटलेले. एकीने चिरेत झाडूची काडी खोचून ठेवलेली, तिखटाचा हात लागला की आग आग. त्यांना विचारले, तर उत्तर एकच, "तुटलेला कान कुठं जुडतो व्हय ताई?" एक मात्र म्हणाली, की बाजारात बसणारा एकजण औषध लावून चिकटवून देतो. तिने चिकटवून घेतला होता. पाळी भाजून काळी पडली होती आणि चीर तशीच.

म्हणून हे नीट समजून घ्या. फाटलेल्या चिरेच्या आतल्या दोन्ही कडांवर कातडी येऊन गेलेली असते. कातडीला कातडी कितीही दाबून धरली, तरी जुळत नाही. आपली बोटे जन्मभर एकमेकांना टेकून असतात, चिकटतात का? जुळते ती ओली कड. त्यामुळे डॉक्टर आधी पाळी बधिर करतात, दोन्ही कडांची बारीक कातडी कापून काढतात आणि मग टाके घालतात. दवाखान्यात भरती व्हावे लागत नाही. बाजारातला माणूस तीच कातडी तेजाबासारख्या औषधाने जाळायला बघतो. किती खोल जळते, यावर त्याचा ताबा नसतो. त्वचारोगतज्ज्ञ छोट्या, अर्धवट चिरेसाठी असे औषध मोजून वापरतात, पण पाळीचे दोन तुकडे झाले असतील तर टाकेच.

कान ताजा फाटला असेल, तर गोष्ट आणखी सोपी. कड अजून ओलीच असते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा, हळद-तंबाखू काही भरू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

दिवाळीनंतर सासूबाईंना नांदेडला नेले. आधी तयारच होईनात. "आता गोवऱ्या स्मशानात गेल्या, कान कशाला शिवू?" पुतणीने हट्ट धरला, "आजी, माझ्या फोटोत तुझे कान पाहिजेत." टेबलावर त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. सुई टोचतानाच काय ते चुळबुळल्या. अर्धा-पाऊण तासात दोन्ही कान शिवून झाले. डॉक्टरांनी आधी एक महत्त्वाचा प्रश्न विचारला होता, की पूर्वीची एखादी जखम भरताना तिथे जाड, फुगीर गाठ आली होती का? काहींच्या कातडीची ती प्रवृत्ती असते आणि कानाच्या पाळीवर अशी गाठ सहज येते. तुमचे तसे असेल, तर स्वतःहून सांगा.

टाके आठवड्याभराने काढले. तिथवर पाळी कोरडी ठेवली आणि त्या कुशीवर झोपायचे टाळले. नवीन छिद्राला घाई करायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तीन महिने थांबलो. शिवलेली रेघ कायम थोडी कच्चीच राहते, म्हणून छिद्र त्या रेघेवर न पाडता बाजूच्या चांगल्या कातडीत पाडले. त्यानंतरही दीड-दोन महिने हलकी सोन्याची फुलीच. आणि कायमची अट ही, की झुबे पुन्हा नाहीत. शिवलेला कान दुसऱ्यांदा फाटू शकतो.

वैशाखात लग्न झाले. अक्षतांच्या वेळी पुतणीच्या कानात आजीचे झुबे होते, वेल ताठ, कर्णफुलाचे तोंड समोर. पाठवणीआधी मी स्वतः घुमट सोडवून डबीत ठेवले आणि तिच्या छिद्रांकडे बघितले. दोन्ही गोल होती.

सासूबाईंच्या कानात छोट्या मोत्याच्या कुड्या होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, इकडे बघा." सवयीने हात डोक्याकडे गेला, पदराला लागला. मग त्यांनी पदर उचलला आणि कानामागे सारला.

बचत गटातल्या त्या तिघींना मी तो फोटो दाखवला. झाडूची काडी खोचणारी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ताई, नांदेडला कधी जायचं?" येत्या सोमवारी निघतो आहोत.